बँक आधी व्याज खाते म्हणे!

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टीममधला एक जण फोन हातात घेऊन तावातावाने सगळ्यांना आपलं होम लोनचं स्टेटमेंट दाखवत होता. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, पाच वर्षं झाली. भरले किती? सुमारे २६ लाख. आणि बाकी किती? ४४ लाख! "अरे, माझे वीस लाख गेले कुठे? हे लोक आधी सगळं व्याज काढून घेतात आणि मग मुद्दलाला हात लावतात. सरळ सरळ लूट आहे." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने लगेच पुरवणी जोडली, की दहा वर्षांनंतर प्रीपेमेंट करणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, कारण तोपर्यंत बँकेने आपलं व्याज वसूल केलेलं असतं. दुसऱ्याच्या व्हॉट्सॅपवर तर तसा फॉरवर्डसुद्धा आलेला होता. म्हणजे विषयच संपला.

मी गप्प बसलो. कारण चहा गार होत होता, आणि कँटीनमध्ये चक्रवाढ व्याज समजावणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी कुणी टेबलावर घेत नाही. पण शनिवार मोकळा आहे आणि हा ब्लॉग माझा आहे, तेव्हा इथे स्पष्ट लिहितो: बँक आधी व्याज घेते हे साफ खोटं आहे. आणि ते नुसतं खोटं नाही तर घातक आहे, कारण त्यामुळे आपण भलत्या गोष्टीवर चिडतो आणि आपला खिसा जिथे खरोखर कापला जातो तिकडे बघतच नाही. ती दुसरी जागा मी स्वतः अनुभवून आलोय, ते पुढे सांगतोच.

आधी आमच्या मित्राच्या वीस लाखांचा शोध घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर सगळी वर्षं ८.५ टक्के धरतो. पन्नास लाख, २४० महिने, ईएमआय येतो ४३,३९२ रुपये (पुढच्या रुपयापर्यंत वर नेऊन). आता तो हप्ता व्याज आणि मुद्दल यात कसा वाटला जातो, ते बघायला हा छोटा प्रोग्राम पुरेसा आहे:

```
balance, rate, emi = 5000000, 8.5, 43392
month = 0
while balance > 0:
    interest = balance * rate / 1200
    principal = emi - interest
    balance = balance - principal
    month = month + 1
print(month)
```

चालवून बघा, उत्तर २४० येतं. आता मला यात ती ओळ दाखवा, जिथे लिहिलंय की "सुरुवातीची वर्षं व्याज जास्त घ्या." नाहीये! दर महिन्याला एकच नियम चालतो: जेवढे पैसे अजून तुमच्याकडे बाकी आहेत, त्यांचं त्या एका महिन्याचं व्याज. बस. व्याज म्हणजे दुसऱ्याच्या पैशाचं भाडं. पहिल्या महिन्यात तुम्ही पन्नास लाख वापरताय, तर भाडं पन्नास लाखांचं, म्हणजे ३५,४१७ रुपये. पुढच्या महिन्याचं एक रुपयासुद्धा व्याज बँकेने आगाऊ घेतलेलं नाही. उद्या लॉटरी लागली आणि तुम्ही सगळं कर्ज फेडलं, तर तुम्ही फक्त वापरलेल्या दिवसांचं भाडं दिलेलं असेल.

(जुन्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करायला हवी. पूर्वी बऱ्याच गृहकर्जांमध्ये वार्षिक पद्धतीने हिशेब व्हायचा. म्हणजे तुम्ही दरमहा हप्ता भरायचा, पण त्यातलं मुद्दल वर्षाच्या शेवटी एकदाच खात्यातून वजा व्हायचं, आणि तोवर फेडलेल्या पैशांवरही व्याज चालूच राहायचं. ती तक्रार रास्त होती. पण आपल्या पिढीच्या कर्जाला वरचा मासिक हिशेब लागतो. काकांचा राग वारसाहक्काने आपल्याकडे आला, कारण मात्र मागेच राहिलं.)

मग ४३,३९२ मधून ३५,४१७ वजा केले की उरतात ७,९७५. तेवढंच पहिल्या महिन्याचं मुद्दल! हप्त्याच्या जेमतेम १८ टक्के. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून व्याज ५६ रुपयांनी कमी, म्हणून मुद्दल ५६ रुपयांनी जास्त. असं हळूहळू सरकत सरकत व्याज आणि मुद्दल समसमान कधी होतात? १४३ व्या हप्त्यापासून मुद्दलाचा वाटा अर्ध्याच्या वर जातो. म्हणजे जवळपास बारा वर्षं संपत आल्यावर. दहा वर्षं झाली, अर्धी मुदत सरली, तरी बाकी असते ३५ लाख. आणि पाच वर्षांनंतर ४४ लाख. आमच्या मित्राचे वीस लाख कुठे गेले? सरासरी ४७ लाख रुपये पाच वर्षं वापरल्याचं भाडं होतं ते. चोरी कुणीही केलेली नाही.

"पण मग मुद्दल इतकं कमी का?" हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला आवडणारं नाही. मुद्दल कमी आहे, कारण हप्ता समान ठेवायचं आपण मान्य केलंय. समजा तुम्ही बँकेला म्हणालात, मला दर महिन्याला मुद्दल समान फेडायचंय. पन्नास लाख भागिले २४०, म्हणजे दरमहा २०,८३३ मुद्दल, अधिक त्या महिन्याचं व्याज. उद्योगांच्या मुदत कर्जात अशी रचना असते. एकूण व्याज ५४ लाखांवरून ४२.७ लाखांवर येतं. छान ना? फक्त पहिला हप्ता ५६,२५० रुपयांचा असतो. बोला, घेणार? लग्नाला दोन वर्षं झालीयत, पगार बेताचा, ताबा मिळायच्या आधीच इंटिरियरवाला ॲडव्हान्स मागतोय. नाही घेणार. मीही नाही घेतला. समान हप्ता ही आपली सोय आहे, आणि सुरुवातीचं किरकोळ मुद्दल ही त्या सोयीची किंमत.

आता या सगळ्या प्रकरणातला खरा मुद्दा. तेच पन्नास लाख, तोच ८.५ टक्के दर, फक्त मुदत बदलून बघा.

पंधरा वर्षं: हप्ता ४९,२३७. त्यात व्याज ३५,४१७, मुद्दल १३,८२०.
वीस वर्षं: हप्ता ४३,३९२. त्यात व्याज ३५,४१७, मुद्दल ७,९७५.
तीस वर्षं: हप्ता ३८,४४६. त्यात व्याज ३५,४१७, मुद्दल ३,०२९.

दिसलं का? व्याज तिन्हीकडे अगदी तेवढंच आहे! ते असणारच, कारण तिघांनीही पन्नास लाखच घेतलेत. वीसची तीस वर्षं केल्यावर हप्ता ४,९४६ रुपयांनी "वाचला", तो सगळाच्या सगळा मुद्दलातून वाचला. म्हणजे बँकेने आपल्याला एक पैशाची सवलत दिली नाही. आपणच आपल्या घराची फेड थांबवली आणि त्याला परवडणारा हप्ता असं गोंडस नाव दिलं. पंधरा वर्षांत एकूण व्याज ३८.६ लाख, वीस वर्षांत ५४.१ लाख, तीस वर्षांत ८८.४ लाख. बिल्डरच्या ऑफिसात गुळगुळीत कागदावर छापलेला "लाखाला अमुक इतकाच ईएमआय" हा आकडा नेहमी सगळ्यात लांब मुदतीचा असतो, तो का, हे आता लक्षात येईल.

तेव्हा मंडळी, भांडायचं तर मुदतीशी भांडा. हप्त्यात मुद्दल उरतं ते व्याजाचा वाटा देऊन झाल्यावर. ताटातलं सगळ्यात शेवटचं. त्यामुळे कुठूनही ताण आला की पहिला बळी मुद्दलाचा जातो. आणि हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

माझं स्वतःचं कर्ज पन्नास लाखांचंच. पहिला हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला. तेव्हा रेपो दर ४ टक्के होता आणि मला ६.७ टक्क्यांनी कर्ज मिळालं होतं. वीस वर्षं, हप्ता ३७,८७०. मी भलताच खूश होतो. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहावर नेला, आणि रेपोला बांधलेलं माझं कर्ज ६.७ वरून ९.२ वर गेलं. मधल्या पायऱ्या सोडून देतो आणि वर्षभर जुना दर, मग एकदम नवा दर असं धरून आकडे सांगतो.

वर्षअखेर बाकी होती ४८,७६,८०० च्या आसपास. नवीन दराने तिचं महिन्याचं व्याज ३७,३८९ रुपये. आणि माझा हप्ता ३७,८७०. म्हणजे मुद्दलाला उरले किती? ४८१ रुपये! एका पिझ्झ्याचे पैसे. वरच्या प्रोग्रामात हे आकडे टाकले तर उत्तर येतं ५७२ महिने, म्हणजे पावणेअठ्ठेचाळीस वर्षं. मी तेव्हा पस्तिशीत होतो, म्हणजे कर्ज फिटणार माझ्या त्र्याऐंशीव्या वर्षी. आणि दर अजून पाव टक्क्याने वाढला असता, तर व्याजच हप्त्यापेक्षा जास्त झालं असतं. मुद्दल उणे, बाकी दर महिन्याला वाढत जाणार, आणि तो `while` कधीच संपणार नाही. आम्ही प्रोग्रामर लोक इन्फिनिट लूप दिसला की हसतो. हा माझ्या नावावर होता.

बँकेने अर्थात पावणेअठ्ठेचाळीस वर्षं दिली नाहीत. तिने मुदत आपल्या कमाल मर्यादेपर्यंत ताणली आणि मग हप्ता थोडासा वाढवला. मला मेसेज आला, की तुमचा नवीन हप्ता ४०,२०८. मी बायकोला ऐटीत सांगितलं, "बघ, सगळीकडे बोंबाबोंब चाललीय, आणि आपला ईएमआय फक्त तेवीसशेने वाढला." ती अकाउंट्समध्ये आहे. ती म्हणाली, "अरे, अडीच टक्के वाढून फक्त तेवीसशे? पन्नास लाखांवर अडीच टक्के म्हणजे महिन्याला दहा हजार होतात. बाकीचे कोण भरतंय?"

कोण भरत होतं? पोर्टलवर लॉग इन करून बघितलं. शिल्लक हप्ते: ३४८. असायला हवे होते २२८. माझी वीस वर्षं कुणीतरी गुपचूप तीस करून ठेवली होती. सही नाही, फोन नाही, साधं पत्रही नाही.

शाखेत गेलो. तिथला अधिकारी चांगला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, हप्ता वाढवला की लोक इथे येऊन आरडाओरडा करतात. मुदत वाढवली की कुणीच येत नाही." या एका वाक्यात सगळं आलं! कँटीनमध्ये व्याजाच्या नावाने शंख करणारे आपण सगळे, आणि बँकेला पक्कं माहीत आहे की आपण मुदतीचा रकाना वाचतच नाही.

जुनीच मुदत ठेवायची तर हप्ता ४५,३३६ पडत होता. म्हणजे बँकेने सांगितलेल्यापेक्षा ५,१२८ रुपये जास्त. दोन्हींची बेरीज तुम्हीच करा. ४०,२०८ गुणिले ३४८ म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख. ४५,३३६ गुणिले २२८ म्हणजे सुमारे १ कोटी ३ लाख. दर तोच राहिला असता, तर महिन्याला पाच हजारांची सोय मला साडेछत्तीस लाखांना पडली असती. लेखी अर्ज दिला, मुदत परत २२८ वर आणली. त्या वर्षी फिरायला गेलो नाही. पण आज ते आठवत नाही, ४८१ रुपये मात्र अजून आठवतात.

माझ्यासारखे बरेच असणार, कारण १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने याच विषयावर परिपत्रक काढलं. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्हींचं मिश्रण यांतून निवड करू द्यायची. मुदत इतकी ताणायची नाही की मुद्दलच उणे व्हावं. आणि दर तिमाहीला एक स्टेटमेंट उपलब्ध करून द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, वार्षिक दर, आणि उरलेले हप्ते हे सगळं असेल. म्हणजे निवडीचा हक्क कागदावर आला. पण निवड विचारणारा मेसेज आपण कुरिअरच्या ओटीपीसारखा सरकवून टाकला, तर त्याला रिझर्व्ह बँक काय करणार?

आता तो राहिलेला फॉरवर्ड. "दहा वर्षांनी प्रीपेमेंट व्यर्थ." पहिल्या उदाहरणातलंच कर्ज घ्या. एक वर्ष झाल्यावर एक लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे ११ हप्ते गळतात आणि सुमारे ३.८ लाख व्याज वाचतं. तेच एक लाख दहा वर्षांनी भरले, तर ५ हप्ते गळतात, व्याज वाचतं सुमारे १.३ लाख. फरक मोठा आहे, कबूल. पण तो बँकेने व्याज आधी "खाल्लं" म्हणून नाही. पहिल्या लाखाला काम करायला एकोणीस वर्षं मिळाली, दुसऱ्याला दहा. दर दोघांनाही तोच, ८.५ टक्के. दहाव्या वर्षी भरलेला लाखसुद्धा त्या दिवसापासून साडेआठ टक्के वाचवतोच. तेवढा दर खात्रीने देणारी एफडी तुमच्याकडे असेल तर तिथे ठेवा, नाहीतर गपचूप इथे भरा. वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जाला प्रीपेमेंटचा दंड नाही, तेही सबब म्हणून चालणार नाही. फक्त सगळी गंगाजळी ओतून मोकळे होऊ नका. नोकरी गेली तर बँक तुमचे आधीचे जास्तीचे लाख आठवून पुढचा हप्ता माफ करत नाही.

हाच फसवा तर्क कर्ज दुसऱ्या बँकेत नेतानाही ऐकू येतो: "नवीन बँक पुन्हा पहिल्यापासून व्याज सुरू करते." नाही हो! बाकी ३५ लाख आणि उरलेली वर्षं दहा, हे नवीन बँकेतही तसंच ठेवलं, तर व्याज-मुद्दलाची वाटणी जिथे होती तिथूनच पुढे चालू होते, उलट दर कमी असेल तर मुद्दल वाढतं. घोटाळा होतो तो नवीन बँक हसत हसत पुन्हा वीस वर्षं देते तेव्हा. आणि आपण हप्ता कमी झाला म्हणून पेढे वाटतो.

दर खाली येतात तेव्हाही परीक्षा हीच असते. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आला. कँटीनमधल्या मित्राचा दर तसाच सव्वा टक्क्याने उतरला असं धरा. ४४ लाखांवरचं त्याचं महिन्याचं व्याज सुमारे ४,५९० रुपयांनी कमी होतं. हप्ता जुनाच राहू दिला तर ते सगळे मुद्दलात जातात, आणि १२,१८० चं मुद्दल एका फटक्यात १६,७७० होतं. पण हा गृहस्थ बँकेला काय लिहिणार आहे, माहितीये? "कृपया माझा ईएमआय कमी करून द्यावा."

तेव्हा सोमवारी मी त्याला एवढंच सांगणार आहे. स्टेटमेंट उघड. व्याजाचा रकाना बघून चिडू नकोस, तो फक्त गुणाकार आहे. "शिल्लक हप्ते" कुठे लिहिलंय ते शोध. मंजुरीच्या पत्रातल्या हप्त्यांतून आजवर भरलेले हप्ते वजा कर, आणि उत्तर जुळतंय का बघ. जुळलं तर चहा माझ्याकडून.

नाही जुळलं, तर चहा नंतर घेऊ. आधी शाखेत जाऊन ये.